पट्टी पुढेच सरकली पाहिजे

चाळीस सदनिकांची सोसायटी, तळमजल्यावर सात मजले, एकच लिफ्ट आणि तीही वारंवार बंद पडणारी. सर्वसाधारण सभेत नवी लिफ्ट बसवायचा ठराव होतो, बारा लाखांचं दरपत्रक मंजूर होतं आणि प्रत्येक सदनिकेमागे तीस हजार रुपये वर्गणी ठरते. तळमजल्यावरच्या सभासदाने लिफ्ट वापरली नाही तरी लिफ्टच्या दुरुस्ती-देखभालीचा खर्च सगळ्यांनी सारखा उचलायचा, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींतच लिहिलेलं आहे. तोच न्याय सभेने इथेही लावला. इथवर सगळं सुरळीत होतं. पुढचे चार-पाच महिने मात्र खजिनदारांना जिन्यात, पार्किंगमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न ऐकावा लागतो: "काय हो, किती झाले जमा?"

त्याचं उत्तर सूचना फलकावर लागतं, पण बहुधा एका ओळीत: ‘आजपर्यंत जमा रक्कम रु. ७,३५,०००/-’. हा आकडा खरा असतो, तरी वाचणाऱ्याला त्यातून फारसं काही कळत नाही. किती पैकी? मागच्या आठवड्यात किती होते? काम सुरू व्हायला अजून किती हवेत? एक आडवी पट्टी, तिचा भरलेला भाग आणि उरलेला भाग, एवढं चित्र या प्रश्नांची उत्तरं येता-जाता देतं. एक्सेलमध्ये ते काढायला वेळही फार लागत नाही. वेळ लागतो तो पट्टीच्या मागचे आकडे नीट लावायला, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

कारण असं, की फलकावरची पट्टी एकदा जरी मागे आली तरी लोकांचा विश्वास उडतो. परवा एकाहत्तर टक्के दाखवत होते, आज एकसष्ट कसे? मधले दहा टक्के गेले कुठे? यात कुणी पैसे खाल्लेले नसतात. बहुतेक वेळा चार चेक वटण्याआधीच जमेत धरलेले असतात आणि ते परत येतात. पण ते समजावून सांगेपर्यंत गच्चीवर आणि व्हॉट्सॲपवर भलतीच चर्चा होऊन जाते. म्हणून सगळी मांडणी मी एका नियमावर उभी करतो: पट्टीचा भरीव भाग कधीही मागे सरकता कामा नये. पुढचे सगळे निर्णय या नियमातून निघतात.

त्यातला पहिला निर्णय म्हणजे जमा कशाला म्हणायचं. पैसे सोसायटीच्या बँक खात्यात दिसले की जमा. कुणी चेक दिला, तो अजून वटायचा आहे. कुणी रोख दिली, ती खजिनदारांच्या कपाटात आहे. कुणी यूपीआयने पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, पण खात्याच्या उताऱ्यात नोंद दिसत नाही. हे सगळं ‘वाटेवर’. ते लपवायचंही नाही, कारण ज्याने चेक दिला त्याला आपली रक्कम फलकावर कुठेतरी दिसायला हवी. पण ते भरीव भागात घालायचं नाही. त्याला वेगळी, रेघारेघांची जागा द्यायची. म्हणजे पट्टीचे तीन भाग झाले: भरीव म्हणजे जमा, रेघांचा म्हणजे वाटेवर, आणि कोरा म्हणजे बाकी. चेक परत आला तर रेघांचा भाग आखडतो, भरीव भाग जागचा हलत नाही.

आपल्या सोसायटीचा हिशेब या तीन भागांत मांडून पाहू. एकवीस सदनिकांचे पूर्ण तीस हजार खात्यात आले आहेत, म्हणजे सहा लाख तीस हजार. सात जणांनी पंधरा हजारांचा पहिला हप्ता भरला आहे, ते एक लाख पाच हजार. दोन्ही मिळून ७,३५,००० जमा. चार जणांचे पूर्ण रकमेचे चेक बँकेत टाकलेत पण वटलेले नाहीत, ते १,२०,००० वाटेवर. बारा लाखांतून हे दोन्ही वजा केले की ३,४५,००० बाकी. त्यात हप्तेवाल्या सात जणांचे एक लाख पाच हजार आहेत आणि अजून काहीच न दिलेल्या आठ सदनिकांचे दोन लाख चाळीस हजार. जमा रक्कम उद्दिष्टाच्या ६१ टक्क्यांच्या थोडी पुढे आहे. चेक धरले तर ७१ टक्क्यांच्या पुढे जाते. फलकावर यातला कुठला आकडा ठळक लिहायचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही: ६१.

आता एक्सेल. एका फाइलीत दोन पानं करायची. पहिल्याला ‘नोंदी’ नाव द्यायचं. त्यात पाच स्तंभ: सदनिका, तारीख, रक्कम, पावती क्रमांक आणि स्थिती. प्रत्येक वेळी पैसे आले की एक नवी ओळ. दोन हप्ते दिले तर दोन ओळी. जुन्या ओळीतला आकडा खोडून मोठा करायचा नाही, नाहीतर पावतीशी मेळ बसत नाही. स्थितीच्या स्तंभात तीनच शब्द चालतील: जमा, वाटेवर, परत. हे तीन शब्द हाताने टाइप करू नयेत. स्तंभ निवडून `Data` मधल्या `Data Validation` मध्ये `List` निवडायचं आणि `Source` मध्ये हे तीन शब्द स्वल्पविराम देऊन लिहायचे. मग प्रत्येक घरात छोटा बाण येतो आणि शब्द यादीतून निवडता येतो. एवढी काळजी का, तर कुणी ‘जमा’च्या पुढे चुकून एक रिकामी जागा टाइप केली की एक्सेलच्या लेखी तो दुसराच शब्द होतो आणि ती रक्कम बेरजेतून गळते.

दुसरं पान ‘फलक’. त्यात A2 ते A5 मध्ये उद्दिष्ट, जमा, वाटेवर, बाकी असे चार शब्द आणि शेजारी B स्तंभात आकडे. उद्दिष्ट हाताने लिहायचं, 1200000. बाकीचे तीन एक्सेल काढून देतं. B3, B4 आणि B5 मध्ये अनुक्रमे ही सूत्रं:

```
=SUMIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!E:E,"जमा")
=SUMIFS('नोंदी'!C:C,'नोंदी'!E:E,"वाटेवर")
=MAX(0,B2-B3-B4)
```

पहिल्या सूत्राचा अर्थ सरळ आहे: नोंदींच्या पानावर ज्या ओळींची स्थिती ‘जमा’ आहे, त्यांच्या रकमांची बेरीज कर. तिसऱ्यातलं MAX आहे ते शेवटच्या दिवसांसाठी. कुणी जास्त रक्कम भरली आणि उद्दिष्ट ओलांडलं गेलं, तर बाकी उणे होऊन पट्टीची दुसऱ्या बाजूला शेपटी निघू नये म्हणून.

इथे एक खास आपल्याकडची अडचण सांगायला हवी. पावतीपुस्तकावर आपण रक्कम ‘३०,०००/-’ अशी लिहितो. पुढे कुणी एखादा आकडा घुसडू नये म्हणून ती सवय चांगलीच आहे. पण हाच ‘/-’ एक्सेलच्या रकमेच्या स्तंभात टाइप केला की एक्सेल त्याला आकडा मानत नाही, मजकूर मानतं. SUMIFS मजकुराकडे पाहतही नाही. चूक झाल्याचा कुठलाही इशारा येत नाही, बेरीज नुसती तीस हजारांनी कमी येते. ओळखायची खूण अशी, की आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटतात आणि मजकूर डाव्या. रकमेच्या स्तंभावरून नजर फिरवली की डावीकडे पळालेली रक्कम दिसते. पण डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा ‘फलक’ पानावर एका कोपऱ्यात हे सूत्र ठेवून द्यावं:

```
=COUNTA('नोंदी'!C2:C500)-COUNT('नोंदी'!C2:C500)
```

यातलं COUNTA भरलेली सगळी घरं मोजतं आणि COUNT फक्त आकड्यांची. उत्तर शून्य आलं पाहिजे. एक आलं तर एक रक्कम मजकूर होऊन बसली आहे. रकमा इंग्रजी अंकांत, ‘रु.’ न लिहिता आणि ‘/-’ न लावता, नुसत्या 30000 अशा टाइप करायच्या.

आता चित्र. ‘फलक’ पानावर A3 ते B5 एवढीच घरं निवडायची, म्हणजे जमा, वाटेवर, बाकी आणि त्यांचे आकडे. उद्दिष्टाची ओळ घ्यायची नाही, कारण या तिघांची बेरीज म्हणजेच उद्दिष्ट. मग `Insert` मध्ये स्तंभालेखाच्या चिन्हावर टिचकी मारून `2-D Bar` खालचा `100% Stacked Bar` निवडायचा. पहिल्यांदा जे चित्र येईल ते पाहून दचकायला होतं: तीन पट्ट्या, तिन्ही टोकापर्यंत भरलेल्या, म्हणजे काम फत्ते झाल्यासारखं. एक्सेलने तीन ओळींना तीन वेगळ्या गोष्टी समजून प्रत्येकीचे शंभर टक्के काढलेले असतात. `Chart Design` मध्ये जाऊन `Switch Row/Column` दाबलं की तिन्ही भाग एकाच पट्टीत एकापुढे एक येऊन बसतात.

शंभर टक्क्यांचाच प्रकार का निवडला, हे थोडं सविस्तर सांगतो. अनेक जण साधा `Stacked Bar` घेतात आणि तोही चालतो, पण त्याच्या अक्षावर रुपये असतात आणि अक्ष कुठे संपवायचा हे एक्सेल आपल्या मनाने ठरवतं. एकूण बारा लाख असतील तर ते टोकाला थोडी मोकळी जागा ठेवून अक्ष चौदा लाखांपर्यंत नेतं. म्हणजे पूर्ण रक्कम जमली तरी चौकटीत जागा रिकामीच दिसणार. ते टाळायला लोक अक्षाच्या कमाल मर्यादेत 1200000 हा आकडा हाताने टाइप करतात. चित्र छान दिसायला लागतं, आणि खरा घोटाळा इथून पुढे सुरू होतो.

आपल्या सोसायटीचंच बघा. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कर वेगळा’ असं लिहिलेलं होतं, ते दोन महिन्यांनी लक्षात आलं. अठरा टक्के जीएसटी म्हणजे दोन लाख सोळा हजार. उद्दिष्ट झालं १४,१६,००० आणि दर सदनिकेमागे वर्गणी ३५,४००. खजिनदारांनी B2 मध्ये नवा आकडा टाकला. बाकी आपोआप ५,६१,००० झाली. पण अक्षाची मर्यादा हाताने टाइप केलेली होती, ती बारा लाखांवरच अडकून राहिली. पट्टीचा उजवीकडचा भाग चौकटीच्या बाहेर कापला गेला. आता चित्र काय सांगतं? भरीव भाग चौकटीचा एकसष्ट टक्के दिसतो. खरं तर ७,३५,००० हे नव्या उद्दिष्टाच्या बावन्न टक्क्यांहून थोडे कमीच आहेत. कोऱ्या भागावर ५,६१,००० असं लिहिलेलं आहे आणि त्याची लांबी मात्र ३,४५,००० एवढीच. दोन ओळींत उत्तर द्यायला बनवलेला कागद आता खोटं बोलतो आहे, आणि कुणाच्याही वाईट हेतूशिवाय.

शंभर टक्क्यांच्या प्रकारात हे होत नाही. त्याचा अक्ष नेहमी शून्य ते शंभर टक्के असतो. तिन्ही भागांची बेरीज सूत्रामुळे उद्दिष्टाएवढी राहते, त्यामुळे उद्दिष्ट बदललं की भरीव भागाचं टोक बरोबर नव्या जागी जातं. अर्थात उद्दिष्ट वाढलं तर भरीव भागही मागे सरकणारच. एकसष्टवरून बावन्नवर येणारच. पट्टी मागे जाण्याचा एवढा एकच प्रसंग मला मान्य आहे, आणि तोही एका अटीवर: त्या आठवड्याच्या कागदावर ‘जीएसटी धरून उद्दिष्ट १२,००,००० ऐवजी १४,१६,००० झाले’ ही ओळ पट्टीखाली ठळक असली पाहिजे. जमा रक्कम तीच आहे, हेही तिथेच लिहावं.

पुढचं सजावटीचं काम कागद डोळ्यांसमोर ठेवून करायचं. सोसायटीचा कागद बहुधा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापला जातो किंवा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून येतो. पडद्यावरचे हिरवा, केशरी, लाल हे तिन्ही रंग तिथे एकसारखे करडे होऊन बाहेर पडतात. म्हणून रंगांवर भिस्त ठेवायचीच नाही. जमा भागावर टिचकी मारून `Format Data Series` मधून काळा किंवा गडद निळा भरीव रंग द्यावा, वाटेवरच्या भागाला `Pattern fill` मधल्या तिरक्या रेघा, आणि बाकीच्या भागाला पांढरा रंग व बाहेरून काळी रेघ. तिथेच `Gap Width` असतं, ते तीस टक्क्यांच्या आसपास आणलं की पट्टी जाड होते. बाजूची रंगसूची काढून टाकावी आणि प्रत्येक भागाचं नाव व रक्कम त्या भागावरच लिहावी. `Data Labels` मध्ये `Series Name` आणि `Value` या दोन्हींवर खूण केली की ते होतं. शंभर टक्क्यांच्या आलेखातही इथे रुपयेच येतात, टक्के येत नाहीत, आणि आपल्याला हवं तेच आहे. रेघांवरची अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्या एका नावाला मागून पांढरा रंग भरावा.

हे आकडे कधीकधी 735,000 असे इंग्रजी पद्धतीने तोडलेले दिसतात. संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये भारत निवडलेला नसला की असं होतं. दुसऱ्याच्या संगणकाची सेटिंग बदलत बसण्यापेक्षा `Format Data Labels` मध्ये `Number` खाली `Format Code` मध्ये हे टाकून `Add` दाबावं. मग लाख-कोटींची आपली विभागणी कुठल्याही संगणकावर टिकते:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

पट्टी केवढी छापायची, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही. ए-फोर कागद आडवा धरला तर तो २९७ मिलिमीटर रुंद असतो. कडा सोडून पट्टी पंचवीस सेंटीमीटर लांब बसते. चाळीस सदनिकांत प्रत्येकीचा वाटा अडीच टक्के, म्हणजे पट्टीवर सव्वासहा मिलिमीटर. एका घराने पैसे भरले की पट्टी करंगळीच्या नखाएवढी पुढे सरकते. ते सरकणं डोळ्यांना दिसतं, आणि पैसे भरून आलेल्या माणसाला ते दिसावं यासाठीच तर हा खटाटोप. हाच आलेख अर्ध्या कागदावर, शेजारी नावांचा तक्ता ठेवून छापला की तीन मिलिमीटर उरतात आणि आठवड्याआठवड्यातला फरक कळेनासा होतो. याच हिशेबातून या पट्टीची मर्यादाही कळते. दोनशे सदनिकांच्या संकुलात एका घराचा वाटा जेमतेम सव्वा मिलिमीटर येतो. तिथे एकच पट्टी लावून उपयोग नाही. इमारतीनिहाय वेगवेगळ्या पट्ट्या कराव्या लागतात. पण मग टक्क्यांच्या पट्ट्यांत वीस सदनिकांची इमारत आणि साठ सदनिकांची इमारत सारख्याच लांबीच्या दिसतात, म्हणून प्रत्येक पट्टीसमोर तिचं उद्दिष्ट रुपयांत लिहिणं भाग आहे.

वरचं शीर्षकही आकड्यांशी बांधून ठेवावं, नाहीतर पट्टी पुढे जाते आणि शीर्षक मागच्या आठवड्यातलंच राहतं. ‘फलक’ पानावर B7 मध्ये बँकेचा उतारा पाहिल्याची तारीख लिहायची आणि B8 मध्ये हे:

```
="नवीन लिफ्ट निधी: "&ROUNDDOWN(B3/B2*100,0)&" टक्के जमा ("&TEXT(B7,"dd/mm/yyyy")&" अखेर)"
```

मग आलेखाच्या शीर्षकावर टिचकी मारून, वरच्या सूत्राच्या चौकटीत = टाइप करून B8 या घरावर टिचकी मारायची आणि एन्टर दाबायचं. यात दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या आहेत. टक्के जवळच्या पूर्णांकात न नेता खालच्या पूर्णांकात नेले आहेत. नेहमीच्या पद्धतीने ९९.६ चे शंभर होतात, आणि फलकावर ‘१०० टक्के’ वाचल्यावर शेवटचा माणूस निवांत होतो. त्याचे काही हजार रुपये मग येता येत नाहीत. दुसरी गोष्ट तारखेची. अनेक जण तिथे TODAY() हे सूत्र टाकतात. ते फाइल उघडताक्षणी आजची तारीख दाखवतं, मग नोंदी तीन आठवड्यांपूर्वीच्या का असेनात. कागदावरची तारीख म्हणजे त्या दिवशीपर्यंतची रक्कम बँकेत पाहिली आहे, असं वचन असतं. ते माणसानेच लिहिलं पाहिजे.

बँकेशी मेळ घालताना मात्र एक फरक डोक्यात पक्का हवा. पट्टी जमलेली रक्कम दाखवते, खात्यातली शिल्लक दाखवत नाही. सुरुवातीला दोन्ही एकच असतात, म्हणून काही खजिनदार B3 मध्ये पासबुकातली शिल्लकच लिहून मोकळे होतात. लिफ्ट कंपनीला तीन लाख आगाऊ दिले की शिल्लक ४,३५,००० होते आणि पट्टी मागे धावते. शिवाय बचत खात्यावर तिमाहीला व्याज जमा होतं, ते कुणाच्याच वर्गणीत बसत नाही. म्हणून निधीसाठी शक्यतो वेगळं खातं ठेवावं, आणि दर आठवड्याला एवढंच तपासावं: जमा वर्गणी, अधिक व्याज, वजा दिलेले पैसे, हे उताऱ्यातल्या शिलकेएवढं येतं का? खात्याला पैसे घालून सुरुवात केली असेल तर ती सुरुवातीची रक्कमही यात धरायची. मेळ बसला तरच नवा कागद छापायचा. बसला नाही तर जुना कागद तसाच राहू द्यावा, त्यावर जुनी तारीख आहेच.

छापताना आलेखावर एकदा टिचकी मारून तो निवडावा आणि मगच `Ctrl+P` दाबावं. आलेख निवडलेला असला की एक्सेल पानावरचं बाकी काही न छापता फक्त आलेख छापतं. पान आडवं आहे ना, तेवढं बघून घ्यावं. कुणाकडे प्रिंटर नसेल तर पेन ड्राइव्हवर एक्सेलची फाइल न देता पीडीएफ द्यावी. दुकानातल्या संगणकावर मराठी अक्षरं वेगळ्याच टंकात उमटून ओळी फुटायचा धोका राहत नाही.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं आहे. त्या फाइलीच्या पहिल्या पानावर कुणी किती दिले, कुणाचा चेक परत आला, हे सगळं सदनिकेच्या क्रमांकासह लिहिलेलं आहे. ती फाइल व्हॉट्सॲपच्या गटात टाकली की ते सगळ्यांचं झालं. हीच गोष्ट कमी लोकांना ठाऊक असलेल्या वाटेनेही बाहेर पडते. सूचनेचं पत्र वर्डमध्ये लिहून त्यात आलेख चिकटवताना `Embed Workbook` असलेला पर्याय निवडला गेला, तर दिसतो फक्त आलेख, पण त्याच्या पोटात आख्खी एक्सेल फाइल नोंदींसकट जाते. आलेखावर टिचक्या मारत कुणीही तिथवर पोचू शकतो. म्हणून चिकटवताना `Picture` हाच पर्याय घ्यावा. ज्या आठ घरांनी अजून काहीच दिलेलं नाही, त्यातल्या कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणाची नोकरी गेली असेल. त्यांच्याशी बोलायचं काम सचिवांनी दारात उभं राहून करायचं आहे. फलकावरच्या पट्टीवर कुणाचंही नाव नसतं, आणि ती इतकी उपयोगी आहे त्याचं मोठं कारण हेच.

लावायचा वार एकच ठेवावा. समजा रविवार. शनिवारी बँकेचा उतारा पाहायचा, ‘वाटेवर’च्या ज्या ओळी वटल्या त्यांची स्थिती ‘जमा’ करायची, परत आलेल्यांची ‘परत’, B7 मध्ये तारीख लिहायची, मजकूर झालेल्या रकमांचं सूत्र शून्य दाखवतंय ना ते पाहायचं आणि छापायचं. मधल्या दिवशी कुणी पैसे भरले आणि ‘माझे दिसत नाहीत’ म्हणाला, तर त्याच्या हातात पावती आहे आणि कागदावर शनिवारची तारीख आहे. उतरवलेले कागद टाकून न देता क्रमाने एका फाइलीत लावून ठेवावेत. वार्षिक सभेत कुणी ‘मार्चमध्ये किती झाले होते’ विचारलं की पान उलटून दाखवता येतं, आणि लेखापरीक्षकांनाही पावत्यांशी ताडून बघायला ते सोयीचे पडतात.

पट्टी पूर्ण काळी झाली की तिचं काम संपलं, पण सभासदांचा प्रश्न तेव्हा बदलतो: आता पैसे जातायत कुठे? ‘फलक’ पानाची एक प्रत करून त्यात जमा, वाटेवर, बाकी यांच्या जागी ‘कंपनीला दिले’, ‘बिल आले, द्यायचे आहे’ आणि ‘शिल्लक’ असे तीन शब्द घातले आणि B3, B4 मधल्या सूत्रांच्या जागी त्या रकमा लिहिल्या की तोच आलेख खर्चाचा होतो. उद्दिष्टाच्या घरात मग जमलेली एकूण रक्कम लिहायची, आणि आगाऊ रकमेचा पहिला चेक कंपनीला दिला त्याच रविवारी हा नवा कागद जुन्याच्या खाली लावायचा.